सिंग्युलर व्हॅल्यू काढायला AᵀA कशाला लागतो?

डेटा सायन्सचा कुठलाही अभ्यासक्रम उघडा, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक वाक्य समोर येतं: 'A या मॅट्रिक्सच्या सिंग्युलर व्हॅल्यू म्हणजे AᵀA च्या आयगेनव्हॅल्यूंची वर्गमुळं.' वाक्य पाठ होतं, परीक्षेत गणितही सुटतं. पण मनात प्रश्न उरतोच. आपल्याला माहिती हवी आहे A बद्दल, मग मध्येच त्याचा ट्रान्सपोज कुठून आला? तो A ला डावीकडून का गुणायचा? आणि शेवटी वर्गमूळ का घ्यायचं?

बहुतेक ठिकाणी हे व्याख्या म्हणून सांगून टाकतात आणि पुढे जातात. मला हे खटकतं, कारण या वाक्यात ठरवून केलेलं असं काहीच नाही. 'हा मॅट्रिक्स सदिशाला जास्तीत जास्त किती ताणतो?' एवढा एकच प्रश्न विचारला, तर AᵀA आपोआप समोर येतो, त्याच्या आयगेनव्हॅल्यू येतात आणि वर्गमूळही येतं.

मॅट्रिक्स ताणतो म्हणजे काय

सदिश म्हणजे आकड्यांची जोडी किंवा यादी. तिच्याकडे लांबी आणि दिशा असलेला बाण म्हणून पाहता येतं. मॅट्रिक्स A अशा एका बाणाला, x ला, दुसऱ्या बाणात बदलतो: Ax. नव्या बाणाची लांबी वेगळी असते, दिशाही बहुधा वेगळी असते.

रबराच्या एका ताणायच्या पत्र्यावर वर्तुळ काढलंय अशी कल्पना करा. पत्रा एका बाजूने जास्त ओढला, दुसऱ्या बाजूने कमी ओढला आणि थोडा फिरवला, तर वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. मॅट्रिक्स नेमकं हेच करतो. लांबी १ असलेले सगळे बाण घेतले, तर त्यांची टोकं वर्तुळावर असतात. त्या प्रत्येकावर A चालवला की टोकं एका लंबवर्तुळावर जाऊन बसतात. केंद्रापासून लंबवर्तुळाच्या सर्वांत लांबच्या टोकापर्यंतचं अंतर ही पहिली सिंग्युलर व्हॅल्यू, σ₁. सर्वांत जवळच्या टोकापर्यंतचं अंतर ही शेवटची. दोनच मिती असतील तर ती σ₂. जास्त मितींमध्ये लंबवर्तुळाला जास्त अक्ष असतात आणि प्रत्येक अक्षाची अर्धी लांबी ही एक सिंग्युलर व्हॅल्यू असते.

या चित्रात अजून ट्रान्सपोज कुठेच नाही. फक्त लांबी आहे.

ट्रान्सपोज येतो तो लांबी मोजताना

ट्रान्सपोज म्हणजे मॅट्रिक्सच्या ओळींचे स्तंभ आणि स्तंभांच्या ओळी करणं. त्याची खूण वरचा छोटा ᵀ. सदिशाच्या लांबीचा वर्ग पायथागोरसच्या नियमाने येतो: प्रत्येक घटकाचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. मॅट्रिक्सच्या भाषेत हे xᵀx असं लिहितात.

आता Ax च्या लांबीचा वर्ग लिहू:

```
|Ax|² = (Ax)ᵀ(Ax) = xᵀ AᵀA x
```

AᵀA आला तो इथून. 'ताणलेल्या बाणाच्या लांबीचा वर्ग किती?' या प्रश्नाचं उत्तर लिहिताना तो मधोमध येऊन बसतो. शेवटच्या वर्गमुळाचं कारणही इथेच आहे. आपण लांबीऐवजी लांबीचा वर्ग मोजला, कारण तो हाताळायला सोपा असतो. वर्ग केला म्हणून शेवटी तो उलटवावा लागतो.

मग आयगेनव्हॅल्यू कुठून आल्या?

एखाद्या मॅट्रिक्सने एखाद्या बाणाला फक्त लहान-मोठं केलं आणि बाण आपल्या रेषेवरून हलला नाही, तर त्या बाणाला त्या मॅट्रिक्सचा आयगेनसदिश म्हणतात. बाण जितक्या पट झाला तो आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू, λ.

लांबी १ असलेल्या सगळ्या बाणांपैकी जो सर्वांत जास्त ताणला जातो त्याला x म्हणू. x ला लंब असलेला कोणताही एक बाण y घ्या आणि x ला त्याच्याकडे अगदी किंचित कलवा: x + ty, जिथे t हा खूप लहान आकडा आहे. कलवलेल्या बाणाची लांबी जवळजवळ १ च राहते, कारण फरक t² एवढाच पडतो. पण ताणलेल्या लांबीचा वर्ग असा बदलतो:

```
|A(x + ty)|² = |Ax|² + 2t · yᵀ(AᵀAx) + t²|Ay|²
```

मधल्या पदाकडे पाहा. yᵀ(AᵀAx) शून्य नसेल, तर t चं चिन्ह सोयीने निवडून ते पद धन करता येईल. t पुरेसा लहान घेतला की t² वाली पदं नगण्य ठरतात, आणि कलवलेला बाण x पेक्षाही जास्त ताणला जाईल. पण x तर सर्वांत जास्त ताणला जाणारा होता! म्हणून ते पद शून्यच असलं पाहिजे, आणि तेही x ला लंब असलेल्या प्रत्येक y साठी.

याचा अर्थ असा की AᵀAx या बाणाचा x ला लंब असा कुठलाच भाग नाही. तो पूर्णपणे x च्याच रेषेत आहे. म्हणजेच AᵀAx = λx. सर्वांत जास्त ताणली जाणारी दिशा ही AᵀA चा आयगेनसदिशच निघाली, आणि हे आपण कुठेही गृहीत धरलं नव्हतं.

आता λ ओळखणं सोपं आहे. |Ax|² = xᵀ(AᵀAx) = xᵀ(λx) = λ, कारण x ची लांबी १ आहे. म्हणून सर्वांत मोठा ताण √λ. σ₁ = √λ₁ हे झालं. पुढे x ला लंब असलेल्या दिशांमध्येच हाच शोध पुन्हा घेतला की σ₂ मिळते, मग σ₃, आणि असंच शेवटपर्यंत.

आणखी एक गोष्ट जाता जाता हाती लागते. y हा x ला लंब असेल, तर (Ay)ᵀ(Ax) = yᵀAᵀAx = λyᵀx = 0. म्हणजे या दिशा ताणल्यानंतरही एकमेकींना लंबच राहतात. लंबवर्तुळाचे अक्ष काटकोनात असतात ते यामुळेच.

एक उदाहरण हाताने

हा मॅट्रिक्स घेऊ:

```
A = [ ४  ३ ]        AᵀA = [ १६  १२ ]
    [ ०  ५ ]               [ १२  ३४ ]
```

AᵀA मधले आकडे A च्या स्तंभांवरून येतात. पहिला स्तंभ (४, ०), त्याच्या लांबीचा वर्ग १६. दुसरा (३, ५), त्याचा ९ + २५ म्हणजे ३४. कोपऱ्यांतले १२ म्हणजे दोन स्तंभांचा एकमेकांशी गुणाकार, ४×३ + ०×५. म्हणजे कर्णावर स्तंभांच्या लांबीचे वर्ग, आणि बाकीच्या जागी कोणता स्तंभ कोणाच्या किती दिशेने झुकलाय याचं माप.

आयगेनव्हॅल्यू काढायला २×२ मध्ये सोपी वाट आहे. त्यांची बेरीज कर्णावरच्या आकड्यांच्या बेरजेइतकी, म्हणजे ५०. त्यांचा गुणाकार डिटर्मिनंटइतका, म्हणजे १६×३४ − १२×१२ = ४००. बेरीज ५० आणि गुणाकार ४०० असलेले दोन आकडे: ४० आणि १०. म्हणून सिंग्युलर व्हॅल्यू √४० ≈ ६.३२ आणि √१० ≈ ३.१६.

दिशाही तपासू. (१, २) वर AᵀA चालवला की (४०, ८०) येतं, म्हणजे बरोबर ४० पट. (२, −१) वर चालवला की (२०, −१०), म्हणजे १० पट. आता AᵀA विसरा आणि मूळ A चालवा. (१, २) चं (१०, १०) होतं. लांबी √५ वरून √२०० झाली, म्हणजे √४० पट. (२, −१) चं (५, −५) होतं. लांबी √५ वरून √५० झाली, म्हणजे √१० पट. आणि (१०, १०) व (५, −५) एकमेकांना लंब आहेत. वरचं सगळं विवेचन आकड्यांमध्ये उतरलं.

मध्येच कुठलीतरी दिशा घेऊन पाहा, उदाहरणार्थ (१, १). तिचं (७, ५) होतं आणि ताण √३७ ≈ ६.०८ येतो. ६.३२ च्या जवळ आहे, पण कमीच. AᵀA तिच्यावर चालवला तर (२८, ४६) येतं, म्हणजे रेषा बदलली. रेषा बदलते याचाच अर्थ असा की बाण थोडा कलवला तर ताण अजून वाढू शकतो.

'थेट A च्याच आयगेनव्हॅल्यू का घेत नाही?'

हा आक्षेप अगदी रास्त आहे. आपल्या A च्या आयगेनव्हॅल्यू तर न काढताच दिसतात: खालच्या डाव्या कोपऱ्यात शून्य असल्याने त्या कर्णावरच आहेत, ४ आणि ५. पण A जास्तीत जास्त ताण ६.३२ इतका देतो. ५ वर विसंबलो असतो तर ताण कमी समजलो असतो.

कारण असं की A च्या आयगेनव्हॅल्यू फक्त त्या बाणांची चौकशी करतात जे आपल्या रेषेवरच राहतात. सर्वांत जास्त ताणला जाणारा बाण मात्र बहुधा ताणताना वळतो. (१, २) चा (१०, १०) झाला, म्हणजे तो वळलाच. AᵀA मध्ये आधी A बाणाला ताणतो आणि वळवतो, मग Aᵀ ते वळण उलटवतो, पण ताण पुन्हा एकदा देतो. वळण गेलं आणि ताणाचा वर्ग उरला.

फरक किती मोठा असू शकतो ते पाहायचं असेल तर हा मॅट्रिक्स पाहा:

```
B = [ १  १०० ]
    [ ०    १ ]
```

याच्या दोन्ही आयगेनव्हॅल्यू १ आहेत. त्या पाहून वाटेल की हा काहीच करत नाही. प्रत्यक्षात सिंग्युलर व्हॅल्यू सुमारे १००.०१ आणि ०.०१ आहेत. एक दिशा शंभरपट ताणली जाते, दुसरी शंभर पटीने दबते. B ने समीकरणं सोडवायची असतील तर डेटामधली छोटीशी चूक उत्तरात शंभरपट फुगू शकते, आणि आयगेनव्हॅल्यूंना याचा पत्ताच नसतो.

दोन्हींमध्ये काहीच नातं नाही असं मात्र नाही. चौरस मॅट्रिक्समध्ये प्रत्येक आयगेनव्हॅल्यूचं परिमाण सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या सिंग्युलर व्हॅल्यूच्या दरम्यानच असतं. गुणाकाराचं परिमाणही सारखंच असतं: वरच्या A मध्ये ४×५ = २० आणि √४० × √१० = २०. आणि मॅट्रिक्स सममित असेल, म्हणजे ट्रान्सपोज केल्यावरही तोच राहत असेल, तर सिंग्युलर व्हॅल्यू म्हणजे आयगेनव्हॅल्यूच, फक्त उणे चिन्ह काढून. शिवाय A चौरस नसेल, समजा १००० ओळी आणि ५ स्तंभ, तर त्याला आयगेनव्हॅल्यूच नसतात. AᵀA मात्र नेहमी चौरस असतो, इथे ५×५.

'आयगेनव्हॅल्यू ऋण निघाली तर वर्गमूळ कसं घ्यायचं?'

ती ऋण निघूच शकत नाही. λ म्हणजे |Ax|², आणि लांबीचा वर्ग शून्यापेक्षा कमी नसतो. λ शून्य असेल तर त्या दिशेचा बाण A ने पूर्ण चिरडला, म्हणजे Ax = 0. शून्य नसलेल्या सिंग्युलर व्हॅल्यू जितक्या, तितकी A ची रँक, म्हणजे एकमेकांवर अवलंबून नसलेल्या स्तंभांची संख्या. AAᵀ घेतला तरी शून्य नसलेल्या आयगेनव्हॅल्यू त्याच येतात. आपल्या उदाहरणात AAᵀ च्या कर्णावर २५ आणि २५ आहेत, बाजूला १५, आणि आयगेनव्हॅल्यू पुन्हा ४० आणि १०.

पण कॉम्प्युटरवर λ ऋण निघते, अनेकदा निघते, आणि त्यामागे एक गंभीर कारण आहे.

कागदावर बरोबर, कॉम्प्युटरवर घातक

सूत्र इतकं सरळ आहे म्हटल्यावर प्रोग्राम लिहिणाऱ्याला वाटतं: AᵀA बनवू, आयगेनव्हॅल्यू काढू, वर्गमूळ घेऊ. इथेच सावध राहायला हवं. नेहमीच्या दुहेरी अचूकतेच्या आकड्यात सुमारे १६ सार्थ अंक मावतात. वर्ग केला की लहान सिंग्युलर व्हॅल्यू आणखी लहान होते, मोठी आणखी मोठी, आणि लहानीचे अंक मोठीच्या शेजारी मावत नाहीत.

हे दाखवणारं एक नेटकं उदाहरण आहे. तीन ओळी, दोन स्तंभ: (1, e, 0) आणि (1, 0, e), जिथे e = १०⁻⁸. स्तंभ जवळजवळ सारखे आहेत, पण पूर्ण सारखे नाहीत. हाताने काढलं तर σ₁ = √(२ + e²), म्हणजे सुमारे १.४१४, आणि σ₂ बरोबर e, म्हणजे १०⁻⁸. आता AᵀA पाहा: कर्णावर १ + e², बाजूला १. e² म्हणजे १०⁻¹⁶, आणि दुहेरी अचूकतेत १ + १०⁻¹⁶ हे नुसतं १ म्हणूनच साठवलं जातं. AᵀA च्या चारही जागी १ बसला. त्याच्या आयगेनव्हॅल्यू २ आणि ०. σ₂ नाहीशी झाली. पुढची पद्धत कितीही चांगली असो, ती परत मिळणार नाही, कारण माहिती गुणाकार करतानाच पुसली गेली.

स्वतः करून पाहा. इथे svd हे फंक्शन AᵀA न बनवता A वरून थेट सिंग्युलर व्हॅल्यू काढतं, आणि eigvalsh हे AᵀA च्या आयगेनव्हॅल्यू काढतं:

```python
import numpy as np
e = 1e-8
A = np.array([[1, 1], [e, 0], [0, e]])
print(np.linalg.svd(A, compute_uv=False))
print(np.linalg.eigvalsh(A.T @ A))
```

पहिल्या ओळीत 1e-08 दिसेल. दुसरीत लहान आयगेनव्हॅल्यूच्या जागी शून्य किंवा 1e-16 च्या आसपासचा कुठलातरी कचरा दिसेल, कधी उणे चिन्हासकट. उणे आलेल्या आकड्याचं वर्गमूळ घेतलं की nan, म्हणजे 'हा आकडाच नाही'.

चूक किती याचा अंदाजही बांधता येतो. आकडे मावतील तेवढ्याच अंकांत गोल करून साठवल्याने आयगेनव्हॅल्यूमध्ये येणारी चूक, म्हणजे गोलाईची चूक, साधारण १०⁻¹⁶ × σ₁² इतकी असते. वर्गमूळ घेतल्यावर तिची पातळी १०⁻⁸ × σ₁ होते. म्हणून AᵀA च्या वाटेने आलेली, σ₁ च्या दहा कोटीव्या भागाच्या आसपासची किंवा त्याहून लहान सिंग्युलर व्हॅल्यू खरी मानू नये. त्याच्या वरच्याही सुरक्षित नसतात. σ₁ च्या दहा हजाराव्या भागाइतकी व्हॅल्यू या वाटेने साधारण ८ अंकांपर्यंतच बरोबर येते, तर थेट पद्धतीने सुमारे १२ अंकांपर्यंत. ओळखायची खूण अशी: AᵀA ची एखादी आयगेनव्हॅल्यू ऋण आली, किंवा लहान सिंग्युलर व्हॅल्यूंचा गठ्ठा १०⁻⁸ × σ₁ च्या आसपास जमलेला दिसला, तर ते मॅट्रिक्सचं वैशिष्ट्य नसून बहुधा गोलाईची चूक असते.

'मग थेट पद्धत AᵀA टाळते कशी?'

जीन गोलब आणि विल्यम कहान यांनी १९६५ मध्ये याची वाट दाखवली. A ला डावीकडून आणि उजवीकडून अशा मॅट्रिक्सनी गुणायचं, जे बाणाला फक्त परावर्तित करतात आणि लांबी बदलत नाहीत. लांबी बदलत नाही म्हटल्यावर लंबवर्तुळाचे अक्षही तेवढेच राहतात, म्हणजे सिंग्युलर व्हॅल्यू जशाच्या तशा. असं करत A ला इतकं साधं रूप देतात की फक्त कर्ण आणि त्याच्या लगतची एक तिरपी ओळ शून्याखेरीज उरते. या रूपावर चालणारी जी पद्धत १९७० मध्ये गोलब आणि क्रिस्टियान राइन्श यांनी मांडली, ती खरं तर आयगेनव्हॅल्यू काढायचीच पद्धत आहे, AᵀA वर चालवल्यासारखी. फक्त तो गुणाकार प्रत्यक्षात कधीच केला जात नाही. त्याचा परिणाम मूळ आकड्यांवरच पायरीपायरीने घडवला जातो. मला या विषयात सर्वांत सुंदर वाटतं ते हेच: नातं पूर्णपणे वापरलं जातं, पण वर्ग टाळून.

AᵀA प्रत्यक्ष बनवणं नेहमीच चुकीचं आहे असंही नाही. दहा लाख ओळी आणि २० स्तंभांचा तक्ता असेल, तर AᵀA फक्त २०×२० होतो आणि एका फेरीत बनतो. फक्त मोठ्या दोन-तीन सिंग्युलर व्हॅल्यू हव्या असतील तर ही वाट खुशाल घ्यावी. लहान व्हॅल्यूंवरून निष्कर्ष काढायचा असेल, म्हणजे स्तंभ एकमेकांवर अवलंबून आहेत का किंवा रँक किती, तर आधी A चं QR विभाजन करावं, म्हणजे एकमेकांना लंब आणि लांबी १ असलेल्या स्तंभांचा Q आणि कर्णाखाली शून्यं असलेला R यांच्या गुणाकारात A मांडावा, आणि त्यातून येणाऱ्या २०×२० च्या R च्या सिंग्युलर व्हॅल्यू थेट svd ने काढाव्यात. R आणि A च्या सिंग्युलर व्हॅल्यू सारख्याच असतात, कारण RᵀR आणि AᵀA एकच आहेत. svd चालवायचा मॅट्रिक्स तेवढाच लहान होतो, आणि वाटेत कशाचाही वर्ग करावा लागत नाही.